वायरमनच्या हाती लॅपटॉप

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या. मशीन बंद पडलं की पहिलं बोलावणं जातं मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला. तो मल्टिमीटर घेऊन येतो, पॅनेल उघडतो, फ्यूज, एमसीबी, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले सगळं तपासतो. सगळं ठणठणीत असतं आणि मशीन तरीही हलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘प्रोग्राममध्ये काहीतरी असेल, लॅपटॉपवाल्याला बोलवा.’ लॅपटॉपवाला दुसऱ्या दिवशी उगवतो. केबल जोडून दहा मिनिटं पडद्याकडे बघतो आणि सांगतो, ‘क्लॅम्प सिलिंडरचा पुढचा सेन्सर येत नाहीये.’ सेन्सरची वायर तुटलेली निघते. ती जोडायला पुन्हा इलेक्ट्रिशियनच पुढे होतो.

या दोघांमधलं अंतर बाहेरून वाटतं तेवढं मोठं नाही. आयटीआय करून दोन-तीन वर्षं कारखान्यात काम केलेल्या मुलाला ते नोकरी सांभाळून साधारण पाच वर्षांत कापता येतं, असा माझा अंदाज आहे. मात्र ही पाच वर्षं बहुतेक मुलं चुकीच्या ठिकाणी खर्च करतात. दोन-तीन महिन्यांचा पीएलसीचा क्लास लावायचा, चार कंपन्यांची सॉफ्टवेअर वरवर बघायची, प्रमाणपत्र घ्यायचं आणि मुलाखतीला जायचं. तिथे पहिलाच प्रश्न येतो, ‘सिलिंडर अर्ध्यात असताना लाइट गेली तर तुमचं मशीन काय करेल?’ आणि उत्तर सुचत नाही.

पीएलसी म्हणजे पॅनेलमधला तो छोटा औद्योगिक संगणक. मुळात तो आणला गेला इलेक्ट्रिशियनच्या सोयीसाठी. 1968च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सला गाडीचं मॉडेल बदललं की शेकडो रिलेंची पॅनेलं नव्यानं वायर करावी लागत. त्यावर उपाय म्हणून डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन 084 हे यंत्र तयार केलं. त्यात तर्क लिहायची पद्धत ठेवली ती रिलेच्या सर्किट ड्रॉइंगसारखी, दोन उभ्या रेषा आणि मध्ये शिडीच्या पायऱ्या. कारखान्यातला माणूस नवी भाषा न शिकता ती वाचू शकेल, हाच हिशेब होता. त्यामुळे ज्याला कंट्रोल सर्किट डोळ्यांसमोर उभं करता येतं त्याला लॅडर परकी वाटत नाही. अवघड भाग पुढे आहे, आणि तो लॅडरमध्ये नाही.

पहिल्या वर्षी लॅपटॉपला हात लावू नये, असं मी म्हणेन. हे वर्ष ड्रॉइंगचं. बऱ्याच इलेक्ट्रिशियन मंडळींना मशीन पाठ असतं, पण ड्रॉइंग वाचता येत नाही. वायर हातानं ओढून बघत दोष शोधायची सवय झालेली असते. तीस वायरींच्या पॅनेलमध्ये हे चालतं, तीनशे वायरींच्या पॅनेलमध्ये नाही. आपल्या खात्यातलं एकच मशीन निवडावं आणि त्याची ड्रॉइंगची फाइल घेऊन बसावं. कॉन्टॅक्टरची कॉइल सातव्या पानावर असेल तर तिच्याखाली तिचे कॉन्टॅक्ट कुठल्या पानावर, कुठल्या रकान्यात आहेत ते छापलेलं असतं. हे संदर्भ पकडून एका पुश बटणापासून मोटरपर्यंतचा सगळा रस्ता कागदावर चालता आला पाहिजे. नंतर पॅनेल उघडून फेरूलवरचे नंबर ड्रॉइंगशी जुळतात का ते बघावं. जुन्या मशीनवर ते हटकून जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेवावी, कारण असं दुरुस्त केलेलं ड्रॉइंग मागायला पुढे साहेब स्वतः येतात.

याच वर्षी 24 व्होल्ट डीसीची दुनिया अंगवळणी पडायला हवी. 415 व्होल्टवर वाढलेल्या माणसाला हे खेळण्यातलं काम वाटतं, पण ऑटोमेशनमधले निम्मे दोष इथेच लपलेले असतात. साधा तीन वायरींचा प्रॉक्सिमिटी सेन्सर घ्या. तपकिरी वायर प्लस 24, निळी शून्य आणि काळी सिग्नलची. हा सेन्सर दोन जातींचा येतो. पीएनपी जातीचा सेन्सर धातू समोर आला की काळ्या वायरीवर 24 व्होल्ट देतो, एनपीएन जातीचा तीच वायर शून्याकडे खेचतो. युरोपातून आलेल्या मशीनवर सहसा पीएनपी, जपान-तैवानकडच्या मशीनवर पुष्कळदा एनपीएन. स्टोअरमधून घाईत चुकीच्या जातीचा सेन्सर आणून बसवला, तर सेन्सरच्या अंगावरचा दिवा व्यवस्थित लागतो आणि पीएलसीच्या इनपुटवरचा दिवा लागत नाही. सेन्सर चांगला, वायर चांगली, पीएलसी चांगला, आणि मशीन बंद. हे दोन दिवे एकमेकांशी ताडून बघायची सवय ज्याला लागली, त्याचं पहिलं वर्ष सार्थकी लागलं. जमलं तर या काळात सहा महिने एखाद्या पॅनेल बनवणाऱ्या शॉपमध्ये काढावेत. मेंटेनन्समध्ये बिघडलेलं मशीन दिसतं, पॅनेल शॉपमध्ये रिकाम्या पत्र्यापासून पॅनेल उभं राहताना दिसतं.

दुसरं वर्ष प्रोग्राम वाचण्याचं, लिहिण्याचं नंतर. घरी सराव करायला मोठा खर्च लागत नाही. कोडेसिससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात पीएलसीशिवायही प्रोग्राम चालवून बघता येतो. डेल्टाचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरही फुकट आहे, सीमेन्स आपलं 21 दिवसांच्या चाचणीसाठी देतं. तरी हातात एक खरा लहान पीएलसी असावा, जुना घेतलेला का होईना. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लोहार चाळीतून पुश बटणं, इंडिकेटर दिवे आणि 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय आणून प्लायच्या फळीवर बसवला की प्रयोगशाळा तयार.

या फळीवर पहिला प्रयोग मोटर चालू-बंद करण्याचा, आणि पहिली ठेच इथेच लागते. स्टॉपचं बटण प्रत्यक्षात एनसी, म्हणजे न दाबता बंद असलेल्या कॉन्टॅक्टचं असतं हे इलेक्ट्रिशियनला तोंडपाठ असतं. म्हणून तो प्रोग्राममध्येही उलटा कॉन्टॅक्ट टाकतो. मग मोटर चालूच होत नाही, किंवा गंमत म्हणजे स्टॉप दाबून धरलं असतानाच चालू होते. कारण साधं आहे. बटण एनसी असल्यामुळे कोणी हात लावलेला नसताना इनपुटवर 24 व्होल्ट असतात, म्हणजे पीएलसीच्या दृष्टीनं तिथे ‘1’ आहे. म्हणून प्रोग्राममध्ये तो सरळच वापरायचा. लॅडरऐवजी ओळीत लिहिलं तर असं दिसतं:

```
Motor := (StartPB OR Motor) AND StopPB AND OLR_OK;
```

मोटर चालू असण्याची अट: स्टार्ट दाबलंय किंवा मोटर आधीच चालू आहे, आणि स्टॉपचा सिग्नल येतोय, आणि ओव्हरलोड ठीक आहे. इथे अडलेला मुलगा दुसरा मार्ग काढतो. प्रोग्राम तसाच ठेवून तो बटणाचा एनसी ब्लॉक काढतो आणि एनओ बसवतो. मोटर चालते, बंदही होते, सगळे खूश. पण आता स्टॉपची वायर तुटली तर कोणाला कळणार नाही, आणि ज्या दिवशी ते बटण खरंच दाबायची वेळ येईल त्या दिवशी मोटर थांबणार नाही. एनसी वायरिंगमध्ये वायर तुटली की मोटर लगेच बंद पडते. उत्पादन थांबतं, पण हात शाबूत राहतो.

दुसरी गोष्ट स्कॅनची. रिलेच्या पॅनेलमध्ये सगळं एकाच वेळी घडतं. पीएलसी मात्र आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्राम वरून खाली एकदा चालवतो, मग आउटपुट बाहेर सोडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून एकच आउटपुट प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी लिहिलं असेल तर खालच्या ओळीचं म्हणणं चालतं, वरची ओळ कितीही खरी असली तरी. पडद्यावर वरची पायरी हिरवी दिसते आणि व्हॉल्व्हला मात्र करंट नसतो. असं दिसलं की ते आउटपुट आणखी कुठे वापरलंय ते क्रॉस रेफरन्समध्ये शोधायचं. नवशिक्याला यात दोन दिवस जातात, जाणत्याला दोन मिनिटं.

कारखान्यातल्या चालू मशीनला पहिल्यांदा लॅपटॉप जोडताना परवानगी घ्यावी आणि फक्त बघावं. पीएलसीतून लॅपटॉपमध्ये प्रोग्राम आणण्याला अपलोड म्हणतात आणि लॅपटॉपमधून पीएलसीत घालण्याला डाउनलोड. मोबाइलच्या सवयीनं हे उलटं वाटतं, आणि इथली चूक महागात पडते. लॅपटॉपमध्ये दोन वर्षांपूर्वीची फाइल आहे आणि मधल्या काळात कोणीतरी टायमर बदललेत, सेटिंग नीट केलीत. एका क्लिकमध्ये ते सगळं पुसलं जातं. म्हणून काहीही करण्याआधी बॅकअप, तोही तारीख घालून. काही मशीन बनवणारे प्रोग्रामला पासवर्ड लावून ठेवतात, तिथे आपली धाव इनपुट-आउटपुटच्या दिव्यांपर्यंतच. पण जिथे प्रोग्राम उघडा असतो तिथे मशीन अडकलं की ते कुठल्या अटीवर अडून आहे, एवढं जरी वाचता आलं तरी लॅपटॉपवाल्याची गरज निम्म्यानं कमी होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एवढं जमावं.

तिसरं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे घाई करू नये. एक छोटं मशीन घेऊ. लोखंडी हाउसिंगमध्ये पितळी बुश दाबून बसवायचा आहे. ऑपरेटर हाउसिंग ठेवतो, वर बुश ठेवतो, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतो. क्लॅम्पचा सिलिंडर पुढे येऊन हाउसिंग धरतो, प्रेसचा सिलिंडर खाली येतो, दोन सेकंद दाब धरतो, वर जातो, मग क्लॅम्प सुटतो. दोन्ही सिलिंडरना पुढे-मागे मिळून चार रीड स्विच, हाउसिंग जागेवर आहे का हे बघायला एक प्रॉक्सिमिटी, शिवाय बटणं आणि ऑटो-मॅन्युअलचा सिलेक्टर. सगळे इनपुट दहा-बारा. सीमेन्सच्या 1214सी या छोट्या पीएलसीत 14 इनपुट आणि 10 आउटपुट असतात, त्यात हे आरामात बसतं.

क्लासमध्ये शिकलेला मुलगा हे अर्ध्या दिवसात लिहितो. हे झालं की ते, ते झालं की पुढचं. मशीन फिरतंही. नंतर एक दिवस क्लॅम्पचा पुढचा रीड स्विच आपल्या जागेवरून दोन मिलिमीटर सरकतो. क्लॅम्प पुढे गेलेला दिसतो, सिग्नल येत नाही, मशीन गप्प. ऑपरेटर बटणं दाबत राहतो, मग वैतागून आत हात घालून हाउसिंग हलवून बघतो. नेमक्या त्या वेळी धक्क्यानं स्विचचा सिग्नल येतो, आणि प्रोग्राम जिथे थांबला होता तिथून पुढे निघतो. पुढची पायरी आहे प्रेस खाली येण्याची.

म्हणून अनुभवी माणूस असा क्रम पायऱ्यांना नंबर देऊन लिहितो आणि प्रत्येक पायरीला वेळेची मर्यादा घालतो. क्लॅम्पची पायरी 20 नंबरची धरू. ओळींच्या भाषेत ती अशी:

```
T20(IN := (Step = 20), PT := T#3s);

CASE Step OF
  20: IF ClampFwd THEN
        Step := 30;
      ELSIF T20.Q THEN
        AlarmNo := 20;
        Step := 900;
      END_IF;
END_CASE;

ClampSol := (Step >= 20) AND (Step <= 50);
```

क्लॅम्प पुढे गेल्याचा सिग्नल आला तर पायरी 30. तीन सेकंदांत आला नाही तर 20 नंबरचा अलार्म आणि पायरी 900, म्हणजे दोष. तिथून रीसेट केल्याशिवाय सुटका नाही, मग स्विच कितीही धक्क्यानं चालू होवो. पडद्यावर ‘क्लॅम्प पुढे गेल्याचा सिग्नल नाही, रीड स्विच तपासा’ असं मराठीत आलं, की इलेक्ट्रिशियन सरळ तिथेच जातो. सुरुवातीला सांगितलेला एक अख्खा दिवस इथे वाचतो.

आता शेवटची ओळ बघा. क्लॅम्पचं आउटपुट 20 ते 50 या पायऱ्यांत चालू. म्हणजे 900वर गेलं की क्लॅम्प सुटणार. विसाव्या पायरीवर दोष आला तर त्यात काही बिघडत नाही. पण समजा तिसाव्या पायरीवर, प्रेस अर्धा खाली गेल्यावर दोष आला, तर? बुश तिरका अडकलाय, प्रेसचा जोर हाउसिंगवर आहे आणि त्याच क्षणी क्लॅम्प त्याला सोडून देतो. हाउसिंग उडू शकतं. म्हणजे दोष एकच नव्हे, दोष कुठे आला त्यावर काय धरायचं, काय सोडायचं हे ठरतं. आधी प्रेस वर, तो वर पोचल्याचा सिग्नल, मग क्लॅम्प. हा क्रम दोषाच्या वेळीही पाळायचा असेल तर वरची ओळ बदलावी लागेल.

आणि लाइट गेली तर? तेव्हा प्रोग्राम चालतच नसतो, त्याचं उत्तर व्हॉल्व्हमध्ये असतं. एका कॉइलचा, स्प्रिंगनं परतणारा व्हॉल्व्ह लाइट गेली की सिलिंडरला मूळ जागी पाठवतो. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह शेवटच्या जागीच राहतो. म्हणून इथे प्रेसला एका कॉइलचा व्हॉल्व्ह घ्यावा, म्हणजे लाइट गेली की तो वर जाईल, आणि क्लॅम्पला दोन कॉइलचा, म्हणजे तो धरून ठेवेल. मग क्लॅम्प सोडायला दुसरं आउटपुट लागेल आणि प्रोग्रामही त्याप्रमाणे लिहावा लागेल. हवेचाच दाब गेला तर दोन कॉइलचा व्हॉल्व्हही उपयोगाचा नाही, त्यासाठी सिलिंडरवर वेगळा चेक व्हॉल्व्ह बसवावा लागतो. मुलाखतीतला तो प्रश्न हाच. त्याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही, पण चार वर्षं असे व्हॉल्व्ह बदललेला इलेक्ट्रिशियन ते कळत-नकळत जाणतो. इंजिनिअरच्या पदवीवाल्या मुलाला हेच शिकायला वेळ लागतो.

दोन हातांच्या बटणांचंही तसंच. प्रोग्राममध्ये दोन इनपुट जोडून ‘दोन्ही दाबले तरच’ असं लिहिणं पुरत नाही. ऑपरेटर एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवतो आणि एका हातानं काम उरकतो. यासाठी वेगळा सुरक्षा रिले मिळतो. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि दर वेळी दोन्ही सोडली, तरच तो पुढे जाऊ देतो. इमर्जन्सी स्टॉपही असाच, पीएलसीवर न विसंबता थेट वायरनं आउटपुटची वीज तोडणारा. पीएलसीला फक्त कळवायचं की तो दाबला गेलाय.

या वर्षी अशी दोन-तीन छोटी मशीन पूर्ण करायला मिळाली तर उत्तम. आपल्याच कारखान्यात एखादं जुनं रिलेवालं मशीन सतत त्रास देत असेल तर ते पीएलसीवर घ्यायचा प्रस्ताव मांडावा. मेंटेनन्सच्या साहेबांना ते स्वस्तात पडतं आणि आपल्याला नावावर दाखवायला काम मिळतं. नोकरी बदलायची असेल तर एसपीएम, म्हणजे खास कामाची मशीन बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे बघावं. तिथे पदवीपेक्षा हाताला जास्त किंमत असते. ताण मात्र असतो.

चौथ्या वर्षी दोन गोष्टी येतात, मोजमापाचे सिग्नल आणि नेटवर्क. आतापर्यंत सिग्नल होता चालू किंवा बंद. आता दाब, तापमान, पातळी येतात, आणि ती बहुधा 4 ते 20 मिलिअँपिअरच्या करंटमधून. 0 ते 10 बारचा प्रेशर ट्रान्समीटर असेल तर 4 म्हणजे 0 बार, 12 म्हणजे 5 बार, 20 म्हणजे 10 बार. सुरुवात शून्यापासून न करता 4पासून केली, कारण वायर तुटली तर करंट खरोखर शून्य होतो आणि तो दोष आहे हे पीएलसीला ओळखता येतं. इथे नेहमीची चूक अशी की प्रोग्राममध्ये हिशेब 0 ते 20चा धरलेला असतो. मग लाइनमध्ये हवाच नसताना पडदा 2 बार दाखवतो. 5 बारला 6 दाखवतो. आणि 10 बारला बरोब्बर 10. वरच्या टोकाला चूक दिसत नाही म्हणून ट्रान्समीटरच खराब ठरवून बदलला जातो, नवा बसवल्यावरही तेच. खालच्या टोकाला ठरावीक फरक आणि वर जाताना तो कमी होत संपतो, असं दिसलं की हिशेब तपासा, ट्रान्समीटर नव्हे. कंपनीत लूप कॅलिब्रेटर असेल तर त्यातून 4, 12, 20 असं सोडून पडद्यावरचा आकडा बघितला की पाच मिनिटांत निकाल लागतो.

नेटवर्कमध्ये सुरुवात मॉडबसनं करावी, म्हणजे दोन तारांवरून पाच-सहा मोटर ड्राइव्हशी बोलणं. त्यातले त्रास बहुतेक इलेक्ट्रिशियनच्याच हद्दीतले असतात. दोन ड्राइव्हला एकच पत्ता दिलेला असतो. केबल एकापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे अशी न नेता मधूनच फांद्या फोडलेल्या असतात. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर बसवायचे राहिलेले असतात. मोटरी बंद असताना सगळं नीट बोलतं आणि चालू केल्या की तुटतं, असं असेल तर ही केबल मोटरच्या पॉवर केबलशेजारून एकाच ट्रेमध्ये गेली आहे का ते आधी बघावं. प्रोफिनेट, स्काडा वगैरे त्यानंतर सोपं जातं. याच वर्षी ठरवावं की आपला कल कुठे आहे: मशीनकडे, जिथे सिलिंडर, सर्व्हो, रोबो येतात, की प्रोसेसकडे, म्हणजे औषध, साखर, रसायनाचे कारखाने, जिथे पातळी, प्रवाह, तापमान आणि त्यांच्यावरचं नियंत्रण येतं. दोन्हीकडे अर्धवट राहण्यात काही हशील नाही.

पाचवं वर्ष उभारणीचं, म्हणजे कमिशनिंगचं. मशीन आपल्या शॉपमध्ये चालवून ग्राहकाला दाखवायचं, खोलून ट्रकवर चढवायचं, त्याच्या कारखान्यात पुन्हा जोडून पुन्हा चालवायचं. इथे मशीन चालवण्याआधी प्रत्येक इनपुट आणि आउटपुटची यादी हातात घेऊन एकेक तपासायचा असतो. एकानं सेन्सरसमोर लोखंडाचा तुकडा धरायचा, दुसऱ्यानं पडद्यावर बघून ‘आला’ म्हणायचं आणि यादीवर खूण करायची. कंटाळवाणं काम, म्हणून टाळलं जातं, आणि मग दोन सिलिंडरच्या वायरी अदलाबदल झालेल्या पहिल्या ऑटो फेरीत कळतात, पत्रा वाकल्यावर.

कागदाचं काम इथे अचानक वाढतं आणि पुष्कळ हुशार इलेक्ट्रिशियन इथेच अडतात. मशीन कसं चालेल हे प्रोग्राम लिहिण्याआधी साध्या भाषेत पायरीवार लिहून ग्राहकाची सही घेणं, बदलांची नोंद, शेवटी प्रत्यक्षाप्रमाणे सुधारलेलं ड्रॉइंग देणं. इंग्रजी लागतं, पण ते कादंबरीचं नाही. अलार्मची दोनशे वाक्यं, मॅन्युअलची भाषा आणि ई-मेल लिहिण्यापुरतं. ते पहिल्या वर्षापासून रोज एक मॅन्युअलचं पान वाचून येतं, पाचव्या वर्षी क्लास लावून येत नाही.

राहिला पदवीचा प्रश्न. मोठ्या कंपन्यांच्या यादीत ‘इंजिनिअर’ या पदापुढे किमान डिप्लोमा लिहिलेला असतो, आणि कितीही काम येत असलं तरी तिथे अर्ज पुढे सरकत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, आणि काही संस्थांत नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्गही चालतात. हा निर्णय दुसऱ्या वर्षातच घेतला तर डिप्लोमा आणि कमिशनिंगचा अनुभव एकाच सुमारास हातात येतात. न घेतला तरी एसपीएमवाले आणि सिस्टिम इंटिग्रेटर काम देतील, पण पगाराच्या एका टप्प्यावर तोच प्रश्न पुन्हा समोर येतो. त्या वेळी वय तीस असतं, घरी मूल असतं, आणि साइट गुजरातेत किंवा तामिळनाडूत चालू असते. अशा वेळी संध्याकाळचा वर्ग गाठणं फार कमी लोकांना जमतं.